परात एकदाच हलते

सिडकोत बहिणीकडे गेले होते. दुपारी लाइट गेली, टीव्ही बंद पडला आणि सातवीतली भाची म्हणाली, "मावशी, हनोईचा मनोरा येतो का तुला?" शाळेतला लाकडी चकत्यांचा संच घरी कुठून असणार? तिने स्वयंपाकघरातून परात, ताट, ताटली आणि बशी उचलून आणली, जमिनीवर वर्तमानपत्राचे तीन कागद पसरले. एक खिडकीपाशी, एक मध्ये, एक दारापाशी. खिडकीपाशी तळाला परात, वर ताट, ताटली आणि सगळ्यात वर बशी. हा ढीग जसाच्या तसा दाराशी न्यायचा. एका वेळी एकच, तीही वरचीच वस्तू उचलायची, आणि लहान वस्तूवर मोठी ठेवायची नाही.

मी बेधडक बशी दाराशी ठेवली. जायचं दाराशीच आहे ना! पुढे ताटली मध्ये, बशी तिच्यावर, ताट दाराशी, बशी खिडकीपाशी परातीवर, ताटली दाराशी ताटावर, बशी तिच्यावर. सात चालींत तीन वस्तू छान रचल्या गेल्या. खिडकीपाशी एकटी परात उरली आणि तेव्हा कळलं की तिची जागाच मी अडवून बसले आहे. परात आता फक्त मधल्या कागदावर जाऊ शकत होती. "मग मनोरा मध्ये होईल, दाराशी नाही," भाची म्हणाली. ती हसत होती, मला मात्र राग आला होता. स्वतःचाच.

पुन्हा सुरुवात करण्याआधी मी परातीकडे बघत बसले. ती दाराशी जाईल त्या क्षणी तिच्यावर काही असता कामा नये, आणि दाराचा कागदही मोकळा हवा, कारण परातीहून मोठं काही नाही, तिला ठेवायला रिकामी जागाच लागते. म्हणजे उरलेल्या तिन्ही वस्तू कुठे असतील? मधल्या कागदावरच, एकावर एक. दुसरा पर्यायच नाही. मग काम तीन तुकड्यांत पडतं: तीन वस्तू मध्ये नेणं, परात दाराशी ठेवणं, तीन वस्तू मधून परातीवर आणणं. तीन वस्तूंना सात चाली लागतात हे मघाशी चुकताना मोजून झालंच होतं. सात, अधिक एक, अधिक सात. पंधरा. चुकीचा सातचा तुकडा वाया गेला नव्हता, फक्त त्याचा शेवट चुकीच्या कागदावर झाला होता. म्हणून या वेळी बशी आधी मध्ये.

बाकीचं भाचीने शोधलं. तिने पाटीवर कोण किती वेळा हललं याच्या खुणा केल्या: परात १, ताट २, ताटली ४, बशी ८. हे पाहिल्यावर दुप्पट कुठून येतं ते मला नीट दिसलं. परात एकदाच हलते, पण ताटाला तिच्या आधी बाजूला व्हावं लागतं आणि नंतर परत यावं लागतं, म्हणजे दोनदा. ताटाच्या प्रत्येक हालचालीला ताटलीचं तेच, आधी एकदा, नंतर एकदा. आणि ताटलीच्या प्रत्येक वेळी बशीचं. तळाशी आणखी एक वस्तू घातली की वरच्या सगळ्यांचं काम दोनदा होतं आणि नव्या वस्तूची एक चाल वाढते. पंधराचे एकतीस, एकतीसचे त्रेसष्ट.

बशीची एक गंमत आहे. एकाआड एक चाल तिचीच, आणि ती गोल फिरते: मध्ये, दार, खिडकी, पुन्हा मध्ये. अधल्यामधल्या चालीत विचार करायचा नाही, कारण बशी न हलवता नियमात बसणारी एकच चाल शिल्लक असते. वस्तू विषम असतील, तर बशी उलटी फिरते आणि पहिल्यांदा दाराशीच जाते. माझी पहिली चाल तिथेच फसली होती, तीन असत्या तर बरोबर ठरली असती.

फ्रेंच गणितज्ञ एद्वार लुकास यांनी १८८३ मध्ये हे कोडं आणलं. काशीच्या मंदिरात ६४ सोन्याच्या चकत्या अशाच हलवल्या जातात, ही कथा त्याला जोडली गेली. वीस चकत्यांना १०,४८,५७५ चाली लागतात. सेकंदाला एक धरली तरी बारा दिवस, न झोपता. चौसष्टला अठ्ठावन्न हजार कोटींहून जास्त वर्षं.

आम्ही पाचवर आलो. बशीवर एका डब्याचं छोटं झाकण ठेवलं आणि सहा चाली झाल्या, तेवढ्यात बहीण कणीक मळायला परात मागू लागली.

"आई, अजून नऊ चाली थांब," भाची म्हणाली, "मग परात रिकामी होते."