१५.४०३७ वर अडकलेली बेरीज

मंडळी, मागच्या वेळी मी मोठ्या थाटात सांगितलं होतं की h[n] = 1/n वाला फिल्टर स्थिर आहे, बेरीज थांबली, काम झालं. ते शब्द परत घेतोय. दोन दिवस पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

झालं असं. बीआयबीओ स्थिरतेची कसोटी आपल्याला पाठ आहे: इम्पल्स रिस्पॉन्सच्या, म्हणजे h[n] च्या, प्रत्येक सॅम्पलची निरपेक्ष किंमत घ्या, सगळ्यांची बेरीज करा, ती सांत आली तर मर्यादित इनपुटला मर्यादित आउटपुट मिळणार. मी ती बोर्डावरच चालवली:

```c
float s = 0.0f;
for (uint32_t n = 1; n <= 10000000; n++)
    s += 1.0f / n;
```

वीस लाखांच्या पुढे कधीतरी आकडा १५.४०३७ वर गप्प बसला. एक कोटीपर्यंत नेला तरी हलेना. मला वाटलं, हीच सीमा.

खरा गुन्हेगार बत्तीस बिटी फ्लोट. ८ ते १६ या टप्प्यात त्याच्या दोन शेजारी आकड्यांतलं अंतर 2^-20 असतं. त्याच्या निम्म्याहून लहान काहीही मिळवलं की ते राउंडिंगमध्ये गिळलं जातं. ते निम्मं म्हणजे 2^-21, आणि 1/n तिथे पोचतो n = २०,९७,१५२ ला. त्यानंतर लूप नुसताच फिरतो, s तसाच राहतो. गंमत म्हणजे थांबलेला आकडाही चुकीचाच: तिथपर्यंतची खरी बेरीज १५.१३३ आहे, वरचं राउंडिंगचं साचलेलं कर्ज. लॅपटॉपवर `np.sum` ने हे दिसलं नसतं, कारण ते जोड्या-जोड्यांनी बेरीज करतं. `np.cumsum` मात्र एकेक पद जोडत जातं, त्यामुळे बत्तीस बिटी फ्लोटमध्ये तेही असंच फसतं. म्हणून माझं मत: पडताळणी आधी डबलमध्ये, बोर्डावर नंतर.

आधी माझ्या नजरेनेही दगा दिला होता. 0.99^n आणि 1/n शेजारी ठेवले. शंभर पदांना पहिल्याची बेरीज ६३.४, दुसऱ्याची ५.१९. कोणीही 1/n लाच सज्जन म्हणेल! पण हजार पदांना पहिली ९९.९९६ वर येऊन १०० ला टेकते. पुढचं सगळं शेपूट मिळून ०.००४३. हे शेपूट a^N/(1-a) या सूत्राने मोजता येतं, म्हणून भूमितीय श्रेणीत अर्धवट बेरीज पुराव्याच्या कामाची. 1/n ला तशी सोयच नाही. तिथे १/३ + १/४ हे अर्ध्याहून जास्त, १/५ ते १/८ ची चार पदंही अर्ध्याहून जास्त, पुढची आठही तशीच. प्रत्येक गट किमान अर्धा देतो आणि गट संपत नाहीत. दहापट पदं घेतली की सुमारे २.३ ची भर, इतकंच. आउटपुट वाढतो, पण गोगलगाईच्या वेगाने.

यावरून मी एक देशी चाचणी बसवली: पहिल्या N पदांची बेरीज S(N) धरायची आणि S(2N) वजा S(N) पाहायचं. 0.99^n साठी तो फरक शून्याकडे धावतो, 1/n साठी ०.६९३ वर टिकून राहतो. खूश झालो आणि लगेच 1/(n ln n) आठवलं. त्याचा फरक शून्याकडे जातो, तरी बेरीज अनंतच. थोडक्यात, चाचणी नापास करू शकते, पास करू शकत नाही.

मग चिन्ह आलटून पालटून बघितलं, h[n] = (-1)^(n+1)/n. स्टेप, म्हणजे सतत १ असा इनपुट, दिला तर आउटपुट निमूट ०.६९३ वर स्थिरावला. स्टेपवर विश्वास ठेवणाऱ्यांनी (म्हणजे मी) इथे पाहावं: इनपुटलाही +१, -१, +१ असं आलटवलं की प्रत्येक गुणाकाराचं चिन्ह एकच होतं आणि हजार सॅम्पलांनंतर आउटपुट ७.४९. इनपुट मात्र कधीच १ च्या बाहेर नाही. निरपेक्ष किंमत का घ्यायची, ते या एका प्रयोगात हाताला लागलं.

पुढे नॉच फिल्टरकडे वळणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं: एसएसबी रेडिओसाठीचा माझा हिल्बर्ट फिल्टर म्हणजे विषम n ला 2/(πn), तोच तो 1/n! आदर्श रूपात तो अस्थिर. छाटल्यावर एफआयआर, म्हणजे मोजकीच पदं, म्हणून स्थिर. पण विंडोशिवाय ३१ टॅपची निरपेक्ष बेरीज २.५७ आणि १२७ टॅपची ३.४६. क्यू१५ मध्ये आकडा -१ ते १ च्या आतच मावतो, म्हणूनच टॅप वाढवल्यावर आवाज कधीकधी फाटायचा. त्या वेळी वायरिंग तीनदा उसवलं होतं मी. नॉच थांबेल. आज रात्री इनपुट दोन बिट खाली सरकवून बघतो, आणि मग विंडो लावून तीच बेरीज किती उतरते ते मोजतो, डबलमध्ये.