पुस्तकातला ट्रान्झिस्टर अन् दुकानातला ट्रान्झिस्टर (भाचीच्या प्रोजेक्टचा अपडेट)

मागे सांगितलेलं ना, भाची चौदा वर्षांची आहे, घरातलं काही बंद पडलं की स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते. तिला चार्ल्स प्लॅट यांचं 'मेक: इलेक्ट्रॉनिक्स' दिलंय, कारण त्यात आधी जोडा, जळू दे, मग थिअरी वाचा असा प्रकार आहे आणि तिच्यासारख्यांना तेच झेपतं. फॉरेस्ट मिम्स यांचं १९८३ चं हाताने लिहिलेलं छोटं पुस्तकही आहे घरात, पण ते ती फक्त चित्रं बघायला उघडते (चित्रं भारीच आहेत म्हणा).

तर सध्या जुन्या डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे ढकलणारी मोटर चालवायचं चाललंय. आर्डुइनोच्या पिनमधून २० मिलिअँपच्या वर घेऊ नये आणि ही मोटर शंभरच्या आसपास खाते, सुरू होताना तर कितीतरी जास्त, म्हणून पिनच्या छोट्या करंटने मोटरचा मोठा करंट सोडायला मध्ये ट्रान्झिस्टर. पुस्तकात २एन२२२२ आहे. बीसी५४७ सगळीकडे मिळतो पण त्याची मर्यादाच १०० मिलिअँप, म्हणून तो नको. बेसला ४७० ओहम, म्हणजे साधारण ९ मिलिअँप, आणि मोटरला आडवा १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे.

सगळं पुस्तकाप्रमाणे जोडलं तरी मोटर नुसती गुणगुणायची. "मामा, हा गरम होतोय बघ." गंमत अशी की २एन२२२२ नावाने दोन प्रकार मिळतात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर पीएन२२२२ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असतात आणि पी२एन२२२२ चे बरोब्बर उलटे. प्लॅटनी पुस्तकात याचा इशारा दिलाय, पण तो भाग कोण वाचतो 😄 उलटा लावला तरी ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, गेन अगदी कमी होतो एवढंच, म्हणूनच माणूस मोटरवर संशय घेत बसतो. ५ व्होल्टवर निभावतं, ९ व्होल्टची बॅटरी लावली तर एमिटर-बेस जंक्शन ब्रेकडाउन होऊन बेसला काही न देताही करंट जायला लागतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे, मल्टीमीटरला गेन मोजायचं एचएफई सॉकेट असेल तर त्यात घाला, बरोबर बसला तर शंभर-दोनशेच्या पुढे आकडा, उलटा असेल तर पाच-दहा. सॉकेट नसेल तर डायोड मोडवर लाल प्रोब बेसला, काळा आळीपाळीने उरलेल्या दोघांना, ज्याचं रीडिंग किंचित जास्त तो एमिटर. आता ती दुकानातून आणलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर आधी मीटरला लावते, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे.

ट्रान्झिस्टर फिरवून लावल्यावर ट्रे बाहेर येतोय, पण आत जात नाही, कारण एका ट्रान्झिस्टरने मोटर एकाच दिशेला फिरते. पुढे मोटर दोन्ही दिशांना फिरवणारा एल२९३डी ड्रायव्हर आयसी लावायचा विचार आहे. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे ५ दिले तर मोटरला ३ च्या आसपास मिळतील, या मोटरला तेवढे पुरतील असं वाटतंय, कोणी केलं असेल तर सांगा.