टाकी धुवायला काढली तो दिवस

माहीमच्या एका सोसायटीत मे अखेरीस गेलो होतो. सहा मजली इमारत, गच्चीवर ३ मीटर उंच अँगलचा स्टँड आणि त्यावर पत्र्याची चौकोनी टाकी, २ बाय २ मीटर, उंची दीड. पावसाळ्याआधी धुवायची म्हणून ती रिकामी केली होती. सेक्रेटरी काकांची काळजी वेगळीच होती: "सहा हजार लिटर पाणी, स्लॅब झेपेल ना?"

स्लॅबचं बघतोच, म्हटलं, पण आधी वारा. मुंबईसाठी वाऱ्याच्या भारतीय कोडमध्ये मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. उंची आणि समोरचा उघडा समुद्र धरून मी ४७ घेतला, म्हणजे चौरस मीटरला साधारण १३० किलो दाब. टाकीवर ४७० किलोचा जोर, पायापासून पावणेचार मीटरवर. स्टँडवरचा वारा मिळवून उलटवणारा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले अंतर, २ टन-मीटर.

टाकी भरलेली असेल तर एकूण वजन ७ टन, कडेपासून १ मीटरवर, म्हणजे सावरणारा मोमेंट ७ टन-मीटर. बिनघोर. रिकामी असताना पत्रा आणि स्टँड मिळून जेमतेम १ टन. आणि कोडप्रमाणे वारा १.४ पट, स्वतःचं वजन ०.९ पट धरायचं: २.८ विरुद्ध ०.९.

"पण तौक्ते वादळात हललीसुद्धा नाही!" काका म्हणाले. खरंय. २०२१ च्या त्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वेगाने मोमेंट ०.९ येतो, रिकाम्या टाकीच्या १ च्या अगदी काठावर, आणि गच्चीवर वारा जास्तच असतो. त्या दिवशी टाकीत पाणी होतं, एवढंच.

मग बोल्टच धरून ठेवणार. वारा सरळ बाजूने आला तर वाऱ्याकडच्या दोन पायांवर प्रत्येकी अर्धा टन उपसा येतो. कोपऱ्यावरून आला तर एकाच पायावर पाऊण टन. ही तिरकी दिशा बरेच जण तपासतच नाहीत. मी समुद्राकडच्या पायाशी बसून बेस प्लेटखाली स्टीलची पट्टी सरकवली. आरपार गेली. नट पान्याने फिरवला तर आख्खा बोल्टच फिरला, भोवती लाल भुगा. चारही बोल्ट ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरात रोवलेले, स्लॅबपर्यंत एकही पोचलेला नाही. कोबा दाब घेतो, उपसा नाही.

स्लॅबचा प्रश्नही इथेच सुटणार होता. भरलेल्या टाकीत त्याच तिरक्या वाऱ्याने वाऱ्याच्या पलीकडच्या एका पायावर अडीच टन येतात, म्हणून पाय बीमवरच हवेत. कोबा फोडून बीमवर चार पेडेस्टल, सळ्या केमिकल अँकरने बीममध्ये खोल, असं ड्रॉइंग दिलं.

तोवर टाकीत कायम किमान ९० सेंटिमीटर पाणी ठेवा, म्हणालो. ३.६ टन होतं.

काकांनी तिथूनच प्लंबरला फोन लावला, "अरे, धुणं राहू दे. आधी भर."