डॅशबोर्ड आता रोज सकाळी आपोआप रिफ्रेश होतो: विभागप्रमुखांना पाठवलेली सूचना लिहिताना आलेला अनुभव

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एमआयएसचे, म्हणजे व्यवस्थापनासाठी आकडेवारी व अहवाल तयार करण्याचे, काम पाहतो. आमचा उत्पादन आणि डिस्पॅचचा डॅशबोर्ड पॉवर बीआयवर आहे. अलीकडेपर्यंत मी कामावर आल्यावर, साधारण नऊच्या सुमारास, तो हाताने रिफ्रेश करत असे. साडेआठची बैठक तोवर जुन्या आकड्यांवरच उरकलेली असे, म्हणून पहाटे पाचचे स्वयंचलित रिफ्रेश लावायचे ठरले. ते लावणे फारसे अवघड नव्हते. सर्व विभागप्रमुखांना त्याची सूचना लिहिणे मात्र मोठे काम ठरले, कारण सकाळी पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा सारखाच पक्का नसतो आणि हे वाचणाऱ्याला आधी माहीत असावे लागते.

सूचना पाठवण्यापूर्वी काही दिवस मी नवी व्यवस्था कोणालाही न सांगता चालू ठेवली आणि रोज सकाळी डॅशबोर्डवरचे आकडे ईआरपीतील, म्हणजे कारखान्याचे सर्व व्यवहार नोंदवणाऱ्या प्रणालीतील, नोंदींशी ताडून पाहिले. शनिवारी सकाळी ‘कालचे डिस्पॅच’ या चौकटीत शून्य दिसत होते, पण शुक्रवारी गाड्या भरून गेल्याचे मी स्वतः पाहिले होते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे हा शून्याचा आकडा गुरुवारचा असल्याचे लवकर लक्षात आले. पॉवर बीआयच्या सेवेत `TODAY()` हे फंक्शन भारतीय वेळेनुसार नव्हे, तर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार तारीख देते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. ‘काल’ ठरवणारा आमचा कॉलम रिफ्रेशच्या वेळीच मोजला जात असल्याने शनिवारी पहाटे त्याच्या लेखी ‘आज’ शुक्रवार होता आणि ‘काल’ गुरुवार. हाताने नऊला रिफ्रेश करताना यूटीसीतही तीच तारीख लागलेली असे, म्हणून ही गोष्ट आजवर दिसली नव्हती. सूत्रात पुढील बदल केल्यावर आकडा जुळला.

```
VAR NowIST = UTCNOW() + TIME(5, 30, 0)
VAR TodayIST = DATE(YEAR(NowIST), MONTH(NowIST), DAY(NowIST))
```

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटली. रिफ्रेश अयशस्वी झाले तरी डॅशबोर्ड कोरा होत नाही. आधीचेच आकडे तसेच दिसत राहतात आणि पाहणाऱ्याला काही बिनसल्याची चाहूलही लागत नाही. त्यातच सलग चार वेळा रिफ्रेश फसले, तर पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करते. म्हणून पानावर शेवटच्या रिफ्रेशची वेळ दाखवावी असे सुरुवातीला ठरले होते. पण आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. डॅशबोर्ड थेट ईआरपीतून माहिती घेत नाही. रात्री दोन वाजता ईआरपीच्या डेटाबेसची एक प्रत तयार होते आणि माहिती त्या प्रतीतून येते. एका रात्री मी ही प्रत तयार होण्याचे काम मुद्दाम थांबवून पाहिले. सकाळी रिफ्रेश यशस्वी झाल्याची नोंद होती, वेळ पाचचीच होती, आणि आकडे मात्र एक दिवस जुने होते. तेव्हापासून पानाच्या वरच्या कोपऱ्यात रिफ्रेशच्या वेळेऐवजी ‘माहिती कुठपर्यंतची’ असा मजकूर ठेवला आणि त्यापुढे प्रतीतील सर्वांत शेवटच्या नोंदीची तारीख व वेळ येईल अशी सोय केली.

यानंतर मी प्रत्येक विभागप्रमुखांना भेटलो आणि आपापल्या विभागाचा आकडा कधी स्थिर होतो, एवढे एकच विचारले. उत्पादनाच्या बाबतीत अडचण पाळ्यांची आहे. आमचा उत्पादनाचा दिवस सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात असा धरला जातो, त्यामुळे पहाटेच्या आकड्यात तिसरी पाळी येऊच शकत नाही. उत्पादनप्रमुखांनी सातनंतर पुन्हा प्रत काढून साडेसातला आणखी एक रिफ्रेश करण्याचे सुचवले. आमच्या प्रो परवान्यात दिवसाला आठ वेळा रिफ्रेश लावता येत असल्याने ते शक्यही होते. परंतु तेव्हा काही लाइनच्या नोंदी झालेल्या असतात आणि काहींच्या व्हायच्या असतात. कोणत्या झाल्या आणि कोणत्या राहिल्या हे न कळणाऱ्या आकड्यापेक्षा ‘फक्त पहिली व दुसरी पाळी’ असे स्पष्ट लिहिलेला आकडा बैठकीसाठी बरा, असे माझे मत होते आणि त्यांनीही ते मान्य केले.

गुणवत्ता विभागाच्या मॅडमचा आग्रह वेगळा होता. “रिजेक्शनचा आकडा दोन दिवस तरी हलतो, तो रोज सकाळी माझ्यापुढे ठेवू नका,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी आम्ही एका दिवसाचे आकडे काढले. उत्पादन ४,२०० नगांचे होते, नोंद बंद झाली तेव्हा रिजेक्शन ३१ आणि होल्डवर ठेवलेले नग ६० होते. होल्डचे नग रिजेक्शनमध्ये धरले जात नाहीत, म्हणून पडद्यावर ०.७४ टक्के दिसत होते. तपासणी पूर्ण झाल्यावर त्या साठांपैकी २२ नग बाद ठरले, एकूण रिजेक्शन ५३ झाले आणि टक्केवारी १.२६ वर गेली. लाइनवर काहीही न बिघडता आकडा दीडपटीहून अधिक वाढतो, हे पाहिल्यावर तीन दिवसांपूर्वीपर्यंतचेच रिजेक्शन दाखवायचे ठरले.

मग सूचना लिहिली. प्रत, यूटीसी यांचा तिच्यात उल्लेख ठेवला नाही. मुख्य मजकूर असा होता:

“सोमवारपासून डॅशबोर्ड रोज पहाटे पाच वाजता आपोआप रिफ्रेश होईल. आकडे वाचण्यापूर्वी कृपया वरच्या कोपऱ्यातील ‘माहिती कुठपर्यंतची’ ही ओळ पाहावी. तिथे आदल्या रात्रीची वेळ नसेल, तर त्या दिवशीचे आकडे बैठकीत वापरू नयेत आणि मला फोन करावा. कालचे डिस्पॅच इनव्हॉइसवरून मोजले जाते व ते निर्णयासाठी वापरता येईल. मात्र ई-इनव्हॉइस २४ तासांच्या आत रद्द करता येत असल्याने त्यात क्वचित फरक पडू शकतो. कालचे उत्पादन फक्त पहिल्या दोन पाळ्यांचे असेल, परवाचे उत्पादन पूर्ण समजावे. रिजेक्शन तीन दिवसांपूर्वीपर्यंतचेच दिसेल. कच्च्या मालाचा साठा हा अंदाज समजावा, कारण गेटमधून आत आलेल्या परंतु जीआरएन न झालेल्या मालाचा त्यात समावेश नसतो.”

शेवटच्या वाक्यावर स्टोअरप्रमुखांनी हरकत घेतली. आपल्या विभागाचाच आकडा कच्चा ठरवला गेला, असे त्यांना वाटले. मी त्यांच्याबरोबर गेटचे रजिस्टर आणि जीआरएनची, म्हणजे माल स्वीकारल्याच्या नोंदींची, यादी शेजारी ठेवून पाहिली. संध्याकाळी उशिरा आलेल्या गाड्यांचे जीआरएन दुसऱ्या दिवशी आवक तपासणी झाल्यावरच होते, आणि तसे होणेच योग्य आहे. त्यामुळे वाक्य बदलले नाही, पण त्याला जोड दिली: “हा फरक आवक तपासणीच्या वेळेमुळे पडतो. मालाची टंचाई दिसल्यास खरेदीची ऑर्डर काढण्यापूर्वी स्टोअरकडून गेटवरील आवक विचारून घ्यावी.” ही जोड दिल्यावर त्यांनी संमती दिली आणि त्याच दुपारी सूचना सर्वांना गेली. गेटच्या नोंदी अजून कागदी रजिस्टरमध्येच होतात. त्या ईआरपीत येऊ लागेपर्यंत साठ्याच्या चौकटीवर ‘अंदाज’ हा शब्द राहणार आहे.