मागच्या बाकावरून: एकमेकांचे तास पाहण्याच्या टिपणाचा मसुदा

रविवार, रात्र. पाऊस संध्याकाळपासून थांबलेला नाही.

सहकाऱ्यांसाठीचं टिपण आज पुरं व्हायला हवं, उद्या ते स्टाफ सभेपुढे ठेवायचं आहे. विषय एका ओळीत सांगण्यासारखा: कनिष्ठ महाविद्यालयात आपण अठरा जण शिकवतो, तर प्रत्येकाने सत्रातून एकदा दुसऱ्याच्या तासाला मागे बसावं आणि एकदा दुसऱ्याला आपल्या तासाला बसू द्यावं. मथळ्यात आधी ‘तासिका निरीक्षण’ लिहिलं होतं, ते खोडलं. निरीक्षण म्हटलं की बी.एड.ची पाठ-निरीक्षणाची वही आठवते, किंवा पर्यवेक्षकांचा शेरा आणि गोपनीय अहवाल. आता मथळा साधाच ठेवला आहे: ‘एकमेकांचे तास पाहणे’.

पहिला आक्षेप कोणता येईल ते दिसतंच आहे. कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून बारावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पुढे राहिला आहे, मग हे आणखी कशाला? याचं उत्तर टिपणात सरळ दिलं आहे. निकालातून फेब्रुवारी-मार्चमध्ये कागदावर काय उतरलं ते कळतं. जुलैमध्ये अकरावीच्या वर्गात पाचव्या बाकापासून मागे कोण गप्प बसलं आहे आणि का, हे त्यातून कळत नाही. फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकालाही ते पुरतं दिसत नाही, कारण पुढच्या दोन बाकांवरून उत्तरं येत राहतात आणि वर्ग चालल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिल्या फेरीत पाहायची गोष्ट एकच ठेवली आहे: प्रश्न आणि उत्तरं. फळा, आवाज, देहबोली, शिस्त, साहित्य असे वीस रकाने असलेला तक्ता मुद्दाम टाळला. वीस रकाने भरणारा माणूस वर्गाकडे बघतच नाही, आणि शेवटी सगळीकडे ‘चांगले’ लिहून मोकळा होतो.

कागद असा. वर्गाचा बसण्याचा नकाशा: तीन रांगा, प्रत्येकीत आठ बाक, बाकावर तीन मुलं, म्हणजे बहात्तर चौकोन. मुलांची नावं लिहायची नाहीत. शिक्षकाने प्रश्न विचारला आणि एकाच मुलाने उत्तर दिलं, तर त्याच्या चौकोनात उभी रेघ. सगळे मिळून ‘हो सर’ किंवा एखादा शब्द म्हणाले, तर समासात गोल. शिक्षकाने स्वतःच उत्तर दिलं, तर समासात फुली. मुलाने आपणहून काही विचारलं, तर त्याच्या चौकोनात ‘प्र’. पूर्ण तास मोजायची गरज नाही. मधली पंधरा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ मोजलं तर हात थकतो आणि खुणा चुकतात.

प्रत्येक प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले तेही लिहायचं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः सांगून टाकतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मोबाईलचं घड्याळ नको, मुलांचं लक्ष तिकडे जातं. मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असं सावकाश म्हटलं की सेकंदाचा अंदाज पुरेसा येतो.

नुसती रीत सांगून कागद कुणाला समजणार नाही, म्हणून टिपणात एक कल्पित तास भरून दाखवला आहे. अकरावी वाणिज्य, पुस्तपालन, रोजकीर्दीच्या नोंदी. मागे बसले आहेत भूगोलाचे सर. पंधरा मिनिटांत अठरा प्रश्न झाले. नऊ गोल, दोन फुल्या, सात रेघा. सातांपैकी पाच रेघा पहिल्या दोन बाकांवर, दोन तिसऱ्या-चौथ्यावर. मागच्या चार बाकांवर, म्हणजे छत्तीस मुलांत, एकही नाही. अठरापैकी चौदा प्रश्नांनंतर थांबणं दोन सेकंदांच्या आत.

इथे घाईने ‘सर, तुम्ही थांबत नाही’ असं म्हणून टाकणं ही या योजनेतली सगळ्यात मोठी चूक ठरेल. मागच्या बाकांवरच्या शून्याला आपल्याकडे निदान तीन कारणं असू शकतात, आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण पाऊस. पत्र्याच्या छपराखाली जोराची सर आली की पाचव्या बाकाच्या मागे शिक्षकाचा आवाज पोचत नाही. म्हणून पाहणाऱ्याने शेवटच्याच बाकावर बसायचं आणि जो प्रश्न त्याला स्वतःला नीट ऐकू आला नाही, त्यापुढे ‘ऐ’ लिहायचं. अठरापैकी सहा-सात प्रश्नांपुढे ‘ऐ’ असेल, तर तीन सेकंद थांबून काही उपयोग नाही. त्या तासाला प्रश्न फळ्यावर लिहावा लागेल, नाहीतर मुलांना पुढे सरकवून बसवावं लागेल.

दुसरं कारण एसटी. वाडीवरून येणाऱ्या गाडीला उशीर झाला की त्यातली मुलं पहिल्या तासाला दहा-बारा मिनिटं मागाहून येतात आणि जागा मिळेल तिथे, म्हणजे मागेच बसतात. त्या दिवशी काय चाललं आहे याची सुरुवातच त्यांनी ऐकलेली नसते. पाहणाऱ्याने उशिरा आलेल्याच्या चौकोनात वेळ लिहायची: 7.22, 7.25. तास संपल्यावर नकाशा पाहिला आणि रिकामे चौकोन बहुतेक वेळ लिहिलेलेच निघाले, तर दुखणं प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत नाही. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत नवीन काही सुरू न करता कालची उजळणी घेणं हा त्याचा उपाय.

ही दोन्ही कारणं बाजूला काढल्यावरच तिसऱ्याकडे, थांबण्याकडे, यायचं. नमुन्याच्या तासात ‘ऐ’ एकच आहे आणि उशिरा आलेली मुलं चार, म्हणून तिथे थांबण्याचा विचार करायचा. पण त्यातही प्रश्न कसला हे बघावं लागतं. ‘उधारीवर विकला म्हणजे रोख मिळाली का?’ याला विचार लागत नाही, तिथे थांबून वर्ग उगाच रेंगाळतो. ‘मालकाने दुकानातला माल घरी वापरला, तर नावे कोणतं खातं?’ हा प्रश्न वेगळा. मुलाला आधी मालक आणि धंदा वेगळे आहेत हे आठवायचं, मग घरी नेलेला माल ही उचल ठरते हे ओळखायचं, मग उचल खातं नावे होतं इथवर पोचायचं. तीन सेकंदही याला कमी पडतात. तासात असे तीनच प्रश्न निवडावेत, प्रत्येक प्रश्नानंतर अर्धा मिनिट सगळ्यांना वहीत उत्तर लिहायला सांगावं आणि मगच नाव घेऊन विचारावं, त्यातलं निदान एक नाव मागच्या बाकावरचं. तासानंतरच्या बोलण्यातून एवढा एकच बदल ठरवायचा.

पहिले दोन-तीन तास हा बदल फसल्यासारखा वाटेल, हेही टिपणात लिहिलं आहे. वर्ग शांत होतो, मुलांना वाटतं सर रागावले आणि शिक्षकाला ती शांतता सोसवत नाही. सुरुवातीला उत्तरं घरच्या मालवणीतही येतील. ती तशीच घ्यावीत, खात्याचं नाव बरोबर असलं की झालं, परिभाषा नंतर फळ्यावर येते. दोन आठवड्यांनी तोच कागद, तीच पंधरा मिनिटं, तोच पाहणारा. मागच्या चार बाकांवर दोन-तीन रेघा आल्या आणि गोल कमी झाले, तर बदल लागू पडला असं समजायचं. गोल तेवढेच राहिले, तर मुलं अजून वही न उघडता एका सुरात बोलत आहेत, हे ओळखावं.

आता जोड्यांबद्दल. दोघादोघांच्या जोड्या केल्या तर ‘तू माझं चांगलं लिही, मी तुझं’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तिघांचे सहा गट: पहिल्याने दुसऱ्याचा तास पाहायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने पहिल्याचा. आपल्याकडे बऱ्याच विषयांना एकच शिक्षक आहे, त्यामुळे पाहणारा बहुधा परक्या विषयाचाच असेल. मला ते सोयीचं वाटतं. रसायनशास्त्र न समजणाऱ्याला आशयावर शेरा मारता येत नाही, तो मुलांकडेच बघतो. मर्यादाही उघड आहे. फळ्यावरचं समीकरण चुकलं तर त्याला कळणार नाही. त्या कामाला ही योजना नाही.

वेळेचा हिशोब प्रत्येकाला आधी कळावा. पाहणाऱ्याने आदल्या दिवशी दहा मिनिटं बोलायचं: कोणता घटक, कोणत्या पंधरा मिनिटांत मोजायचं. मग चाळीस मिनिटांचा तास. मग दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीच्या आत वीस मिनिटांची बैठक. त्याहून उशीर झाला की खुणा दिसतात पण प्रसंग आठवत नाही. म्हणजे पाहणाऱ्याची सत्तर मिनिटं आणि ज्याचा तास पाहिला त्याची तीस. दोन्ही भूमिका धरून एका भेटीमागे माणशी एक तास चाळीस मिनिटं. दोन आठवड्यांनंतरची भेट आली की तेवढीच पुन्हा. बदली तास लागलेल्या दिवशी कुणाला पाहायला पाठवायचं नाही, हे लिहून ठेवलं आहे. रिकामी तासिका बदलीत गेली की योजना तिथेच अडते.

बैठकीत आधी ज्याचा तास होता त्याने बोलायचं. मग पाहणाऱ्याने कागदावरच्या खुणा वाचून दाखवायच्या, नुसत्या. ‘छान झालं’ नाही आणि ‘मी असतो तर’ही नाही.

सगळ्यात जास्त खाडाखोड झाली ती कागद कुणाकडे राहणार या ओळीवर. शेवटी असं लिहिलं: ‘कागदाची एकच प्रत. बैठक संपली की ती ज्याचा तास पाहिला त्याच्या हातात द्यायची. समन्वयकाच्या नोंदवहीत फक्त तारीख, वर्ग आणि दोन नावं. प्राचार्य, पर्यवेक्षक किंवा संस्था यांना कागद मागता येणार नाही. वेतनश्रेणी, गोपनीय अहवाल किंवा चौकशीसाठी तो वापरता येणार नाही. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण नाही.’ प्राचार्यांची सही या ओळींखाली सभेआधी घ्यायची आहे. ती मिळाली नाही तर टिपण सभेत ठेवायचंच नाही, कारण मग प्रत्येक जण दाखवायचा तास तयार करेल. तसा तास ओळखताही येतो: प्रश्न पुरा होण्याआधी हात वर येतात आणि नकाशात एकही ‘प्र’ नसतो.

पहिली फेरी जुलैच्या मध्यापासून गणपतीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यापर्यंत. दुसरी दिवाळीनंतर, डिसेंबरच्या मध्याआधी संपणारी, म्हणजे पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या गडबडीत ती सापडणार नाही. पहिल्या फेरीच्या दोन भेटींसाठी छत्तीस कागद, चुकले तर चार वर. उद्या सकाळी सहा गटांची वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहायची आहेत. भूगोल आणि पुस्तपालन यांची रिकामी तासिका बुधवारी जुळेल असं वाटतं.