रुमालावरची धूळ आणि फिल्टरवरची काजळी

आमच्या प्रयोगशाळेत कॅस्केड इम्पॅक्टर नावाचं एक यंत्र आहे. दिसायला थेट पुडाच्या डब्यासारखं: एकाखाली एक आठ ताटल्या आणि तळाला पांढरा फिल्टर. पंप मिनिटाला २८.३ लिटर हवा वरून खाली ओढतो. प्रत्येक ताटलीच्या डोक्यावर भोकांची चकती असते आणि खाली जावं तशी भोकं बारीक होत जातात, त्यामुळे झोताचा जोर वाढतो. ताटलीजवळ आली की हवा वळसा घालून कडेने निघून जाते. जड कणाला तसं वळता येत नाही, तो आपटतो आणि चिकटतो. पहिल्या ताटलीवर साधारण ९ मायक्रॉनपेक्षा मोठे कण थांबतात, आठवीवर ०.४३ मायक्रॉनपर्यंतचे, आणि त्याहून बारीक ते फिल्टरवर.

त्या दिवशी रहदारीच्या चौकात आठ तास चालवलेलं यंत्र मी उघडत होते. हिशेब विभागातले काका डोकावले. रोज तास-तासभर स्कूटरवरून येणारा माणूस, तोंडाला कायम रुमाल. "घरी जाऊन नाक शिंकरलं की काळं निघतं बघ. म्हणजे निम्मी धूळ रुमालात, निम्मी नाकात. आत काय जाणार?"

मी त्यांना वरची ताटली दाखवली. प्रत्येक भोकाखाली तपकिरी ठिपका, रांगोळीचे ठिपके काढावेत तसा. "हे तुमचं नाक आणि घसा," म्हटलं. श्वास नाकातून आत शिरताना आणि घशापाशी वळताना मोठे कण याच कारणाने भिंतीला आपटतात. तोंडाने श्वास घेतला तर मात्र नाकाची ही चाळणीच टळते.

मग फिल्टर तोलला, आणि आकडा बघून मीच चपापले. बारीक कणांचं वजन इतकं? काका तर खुर्चीत बसले.

खरं तर गडबड माझी होती. ताटल्यांना ग्रीसचा पातळ थर द्यायचा असतो, तो मी दिला नव्हता. कोरड्या धातूवर मोठा कण चेंडूसारखा उसळतो आणि झोताबरोबर खालच्या मजल्यावर जातो. संशय आला तो ठिपक्यांवरून. खालच्या ताटल्यांवर नीट ठिपके नव्हते, भोवती भुरकट कडी पसरली होती. फिल्टरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काजळीत मातीचे टोकदार खडे बसलेले. त्यांचा तिथे काय संबंध? १० मायक्रॉनचा एक कण वजनाला त्याच घनतेच्या १ मायक्रॉनच्या हजार कणांइतका भरतो. असे मूठभर घुसखोर आकडा बिघडवायला पुरतात.

दुसऱ्या दिवशी ग्रीस लावून तिथेच पुन्हा नमुना घेतला. काका संध्याकाळी आपणहून आले. फिल्टरचं वजन बरंच उतरलं होतं. "हुश्श," म्हणाले. मी फिल्टर त्यांच्यापुढे धरला. वजन कमी, पण काळेपणा कालच्याइतकाच. काल जास्तीची आली होती ती माती. काळं होतं ते इंधनाच्या धुरातलं, आणि ते कुठल्याच ताटलीवर न थांबता तळाला आलं होतं.

इथून पुढे यंत्र आणि फुफ्फुस यांची वाट वेगळी होते. यंत्रात झोत खाली वेगवान होतो. फुफ्फुसात उलटं: नळ्यांना फांद्या फुटत जातात, एकूण जागा वाढते आणि हवा मंदावते. तिथे १ ते ५ मायक्रॉनचे कण गाळासारखे खाली बसतात. टोकाच्या वायुकोशांत हवा जवळजवळ उभीच असते; ०.१ मायक्रॉनहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि भिंतीला लागतात. गंमत मधल्यांची आहे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण आपटायला हलके आणि भरकटायला जड, म्हणून त्यातले बरेच उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. फिल्टर मात्र सगळेच धरून ठेवतो. त्यावरचं सगळं काळं छातीत बसतं असं नाही, हेही मी काकांना सांगितलं.

"बसतं ते निघत नाही?" श्वासनळ्यांत बारीक केस असतात, ते कफाबरोबर कण वर ढकलतात, बहुतेक एखाद्या दिवसात. वायुकोशांत ते केस नाहीत. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात, आणि त्या कामाला आठवडे, कधी महिने लागतात.

काकांनी रुमाल उजेडात धरला. विणीतून खिडकी दिसत होती. एन-९५ मास्कचं विचारलं. त्याचे तंतू विद्युतभारित असतात, म्हणून बारीक कणही त्यांना चिकटतात, पण मास्क चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसला तरच. काकांनी दाढीवरून हात फिरवला.

"म्हणजे ही काढायची?"

"कडेने हवा शिरत असेल तर काढायलाच हवी," मी म्हटलं आणि ताटल्या पुसायला घेतल्या.