कोर्सची शेवटची असाइनमेंट आधी बघा

"ताई, सहा महिन्यांचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स बघून ठेवलाय. करू का? वेळ आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना?"

आधी त्या 'सहा महिन्यां'खालची बारीक अक्षरातली ओळ वाचा. तिथे अनेकदा 'आठवड्याला दहा तास' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकूण २६० तास. माझी एक मैत्रीण हिशोब विभागात काम करते. तिने असाच कोर्स निवडला होता. मी तिला दोन आठवडे खरोखर मोकळा मिळालेला वेळ वहीत लिहायला सांगितला. तो निघाला आठवड्याला चार तास. २६० भागिले ४, म्हणजे ६५ आठवडे, सव्वा वर्ष. फी महिन्याच्या हप्त्याने होती, त्यामुळे जाहिरातीवरून काढलेला खर्चही अडीचपट झाला. आणि पैसे भरले की कोर्स पुरा होतोच असं नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांपैकीसुद्धा २०१७-१८ या वर्षात ४६ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता.

मग तिला हव्या असलेल्या कामाच्या वीस जाहिराती आम्ही समोर ठेवल्या आणि काय काय मागितलंय त्याच्या खुणा केल्या. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, चौदा ठिकाणी होतं, स्प्रेडशीट तेरा ठिकाणी. कुठल्या तरी सर्टिफिकेटचं नाव फक्त एका जाहिरातीत होतं, आणि तेही 'असल्यास उत्तम' या यादीत. कोर्सच्या आठ भागांपैकी स्प्रेडशीटचे दोन तिला झोपेतही आले असते. एसक्यूएलला मात्र जेमतेम दीड भाग दिला होता.

तरी खरा निकाल लागला तो शेवटच्या असाइनमेंटवर. कोर्सच्या माहितीत तिचं वर्णन होतं: आधीच साफ केलेली एक फाइल, ठरावीक पायऱ्या आणि तपासणारे म्हणजे सोबत शिकणारे इतर विद्यार्थीच. मी नव्या विश्लेषकांच्या मुलाखती घेते, आणि तिथे माणूस अडकतो तो नेमका या असाइनमेंटमध्ये नसलेल्या जागी. मैत्रिणीने फी न भरता एसक्यूएलचे व्हिडिओ बघितले. मग स्वतःच्या कामासारखी दोन टेबलं तयार केली, एक ऑर्डरचं आणि एक पेमेंटचं, आणि ती जोडून एकूण विक्री काढली. बेरीज जास्त आली. कुठे चुकलं ते शोधण्यात तिची अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तिने हे चालवलं:

```sql
SELECT COUNT(*), COUNT(DISTINCT order_id)
FROM orders JOIN payments USING (order_id);
```

पहिला आकडा, म्हणजे जोडल्यावरच्या एकूण ओळी, ११८०; दुसरा, म्हणजे वेगवेगळ्या ऑर्डर, १०००. काही ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले होते, म्हणून जोडताना ती ऑर्डर दोनदा येत होती आणि तिची रक्कमही दोनदा मोजली जात होती. पेमेंटची ऑर्डरवार बेरीज आधी करून मग टेबलं जोडली, तेव्हा ताळा जमला. मुलाखतीत तिने हीच गोष्ट सांगितली असती तर मी पुढचे तीन प्रश्न विचारलेच नसते.

तिने कोर्सचे पैसे भरले नाहीत. पण हे उत्तर तिचं आहे, तुमचं वेगळं येऊ शकतं. तुम्हाला स्प्रेडशीटही नवी असेल, काय आधी आणि काय नंतर शिकायचं तेच कळत नसेल, तर आखून दिलेला क्रम मोलाचा असतो, आणि मी नक्की कर म्हणेन. अट एकच: फी दरमहा असेल तर पहिल्याच महिन्यात आपला वेग मोजायचा. चार आठवड्यांत ठरलेल्याच्या निम्मंही झालं नसेल, तर तिथेच थांबून उरलेलं फुकटच्या साहित्यावर करायचं.

आणखी एक फरक माझ्याकडे येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओ संपवल्यावर मिळतं ते पूर्णत्वाचं सर्टिफिकेट. स्वतंत्र संस्था ओळख पटवून, देखरेखीखाली परीक्षा घेऊन देते ते वेगळं. नेटवर्किंग किंवा क्लाउडच्या जाहिरातींत नाव घेऊन मागतात ते बहुधा हे दुसरं, आणि त्या परीक्षेला बसायला महागडा कोर्स केलेला असणं सहसा सक्तीचं नसतं. पुढच्या शिक्षणासाठी क्रेडिट हवं असेल तर कोर्स विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. जिथे प्रवेश घ्यायचाय तिथल्या विभागाला कोर्सचं नाव आणि अभ्यासक्रम ईमेलने पाठवा, 'याचे किती क्रेडिट धराल?' एवढंच विचारा, आणि लेखी आकडा येईपर्यंत फी भरू नका.